माणूस किती उंच होऊ शकतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलगा विचारतोय, घटोत्कचासारखा 60 फुटी माणूस खरंच असता तर तो चालू शकला असता का? मी नाही म्हटलं, पण का नाही ते मला सांगता येईना. (एक बाबा, सातारा)

तुमचं उत्तर बरोबर आहे, आणि कारण समजवायला घरातला बेसनाचा लाडू पुरतो. एका लाडवाच्या दुप्पट रुंदीचा लाडू वळायचा म्हटलं तर पीठ दुप्पट नाही, आठपट लागतं, कारण तो लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून दुप्पट होतो. पण तोच मोठा लाडू मधोमध कापला तर कापलेलं तोंड मात्र चौपटच भरतं. शरीरात वजन म्हणजे ते पीठ, आणि हाडाची ताकद म्हणजे ते कापलेलं तोंड, कारण हाड किती भार पेलणार हे त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं. वजन घनाने वाढतं आणि ताकद वर्गाने, सगळी भानगड एवढीच आहे.

आता 60 फूट म्हणजे आपल्या साधारण दहापट. वजन हजारपट, म्हणजे 70 किलोच्या माणसाचं 70 टन. हाडाचा छेद मात्र शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आपल्यापेक्षा दहापट भार. गॅलिलिओने 1638 सालीच हे मांडून ठेवलंय, मोठ्या प्राण्याचं हाड नुसतं लांब करून चालत नाही, ते बेढब वाटेल इतकं जाड करावं लागतं, असं चित्र काढून दाखवलंय त्याने. पुढे 1926 मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी नेमक्या अशाच 60 फुटी राक्षसांचं उदाहरण घेऊन लिहिलं की माणसाचं मांडीचं हाड त्याच्या वजनाच्या दहापट भाराला मोडतं, त्यामुळे हे राक्षस पाऊल टाकताच हाडं मोडून घेतील. (हेच हाल्डेन नंतर भारतात येऊन राहिले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.)

मी त्यात एवढंच जोडेन की मोडण्याची जागा बहुतेक मांडीच्या हाडाचा सरळ दांडा नसणार, तो उभ्या दाबाला भलताच चिवट असतो, आपल्यासारख्याचा सुद्धा काही टन पेलतो. कच्ची जागा म्हणजे खुब्यापाशी जिथे हाड तिरकं वळतं ती त्याची मान. शिवाय चालताना खुब्यावर फक्त अंगाचं वजन येत नाही. एका पायावर तोल सांभाळायला बाजूचे स्नायू जोरात आवळतात, आणि सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीनपट जोर येतो. बर्लिनमध्ये सेन्सर बसवलेले कृत्रिम खुबे रुग्णांना लावून हे प्रत्यक्ष मोजलंय, आणि माणूस अडखळला तर तोच आकडा सात-आठपटीवर जातो. घटोत्कचाच्या हाडावर दहापट ताण म्हणजे त्याचं साधं चालणं हे आपल्या खुब्यावर पंचवीस-तीसपट वजन टाकल्यासारखं. एक पाऊल सुद्धा जमणार नाही.

प्रश्न : जगातला सगळ्यात उंच माणूस रॉबर्ट वॅडलो 22व्या वर्षीच गेला असं वाचलं. वजनाने हाडं मोडली का त्याची? (कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही, आणि हाच या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॅडलो 22 फेब्रुवारी 1918 ला अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावात जन्मला, जन्माचं वजन अगदी नॉर्मल, पावणेचार किलोच्या आसपास. त्याची पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी, जास्तीची वाढलेली होती आणि ग्रोथ हार्मोन भरमसाट सोडत होती. आठव्या वर्षीच तो सहा फुटांवर पोचला होता, म्हणजे बापापेक्षा उंच. शेवटचं माप 272 सेंटिमीटर, आणि मेला तेव्हा सुद्धा तो वाढतच होता.

आता हिशोब करू. 172 सेंटिमीटर उंच आणि 70 किलोचा माणूस घ्या. वॅडलो त्याच्या 1.58 पट उंच. त्याचा वर्ग 2.5, घन साधारण 3.95. म्हणजे तोच साचा नुसता मोठा केला असता तर वजन 277 किलोच्या आसपास यायला हवं होतं. प्रत्यक्षात शेवटी ते 199 किलो होतं (आधी एकदा 222 पर्यंत गेलेलं). म्हणजे तो त्याच्या उंचीच्या मानाने बारीकच होता. हाडांचा छेद 2.5 पट धरला आणि वजन 2.84 पट, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण फक्त 14 टक्के जास्त निघतो. एवढ्याने काय हाड मोडत नाही हो, पाठीला दहा किलोची सॅक अडकवली की तुमच्यामाझ्या हाडांवर सुद्धा तेवढा ताण वाढतो.

मग काय झालं? पाय दगा देऊन गेले, पण हाडं नाहीत, बाकीचं सगळं. पहिलं म्हणजे स्नायू. स्नायूची ताकद पण छेदावरच ठरते, त्यामुळे वजनाच्या मानाने तो आपल्यापेक्षा कमजोर पडत गेला, त्याला चालायला पायांना लोखंडी ब्रेस लावावे लागायचे. दुसरं म्हणजे नसा, संवेदना नेणाऱ्या. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतूचा एकेक धागा आपल्यात साधारण एक मीटर लांब असतो, त्याच्यात दीड मीटरच्या वर असणार. त्या अख्ख्या धाग्याला लागणारा माल मणक्याजवळच्या एका पेशीत तयार होतो आणि तिथून पुढे सरकवावा लागतो, सगळ्यात वेगाने गेला तरी दिवसाला 40 सेंटिमीटरच्या आसपास आणि बराचसा माल तर दिवसाला एक-दोन मिलिमीटरने. त्यामुळे धागा जितका लांब तितकं त्याचं टोक आधी उपाशी मरतं. मधुमेहात मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात, गुडघ्यापासून नाही, ते पण यामुळेच. वॅडलोला पावलात फारशी संवेदनाच उरली नव्हती.

तिसरं म्हणजे रक्त. हृदयापासून पावलापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ असतो आणि स्थिर उभं राहिलं की त्याचा दाब पावलातल्या शिरांवर बसतो, दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर पारा. आपल्यात तो 90 च्या घरात जातो, वॅडलोच्या मापाला 140 ओलांडतो. चाललं की पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि दाब उतरतो, पण ज्याला चालणंच अवघड त्याच्या पोटऱ्या काय ढकलणार. मग पाय सुजतात, कातडीला रक्त नीट मिळत नाही, साधी जखम भरायला महिने लागतात.

आता हे तिन्ही एकत्र करा. 4 जुलै 1940 ला तो मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावात एका उत्सवाला गेलेला असताना नीट न बसणारा ब्रेस घोट्याला घासत होता. तुम्हाआम्हाला दहा मिनिटांत चटका लागला असता आणि आपण काढून फेकला असता, त्याला कळलंच नाही. फोड आला, फोडात जंतू गेले, रक्तात पसरले. रक्त दिलं, ऑपरेशन केलं, पण पेनिसिलिन माणसांवर वापरायला सुरुवात व्हायची होती, ती 1941 मध्ये झाली. 15 जुलैला तो झोपेतच गेला. म्हणजे हाडावरचा ताण 14 टक्के, आणि जीव गेला घोट्यावरच्या एका फोडाने.

प्रश्न : माझी उंची 6 फूट 4 इंच, वजन 98. जिमवाला ट्रेनर म्हणतो बीएमआय 26 च्या वर आहे, ओव्हरवेट आहेस. मला तर आरशात बारीकच दिसतोय. (आयटीवाला, पिंपरी-चिंचवड)

ट्रेनरचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. पण शरीर भरतं घनाने. त्यामुळे अगदी तुमच्याच अंगलटीचा, तेवढाच सडपातळ, पण साडेपाच फुटी माणूस घेतला तर त्याचा बीएमआय 23 च्या खाली निघेल. अंगलट तीच, फक्त साचा मोठा, की आकडा वर. उंच माणसांना हा आकडा उगीच जाड ठरवतो आणि बुटक्यांना उगीच सवलत देतो. कमरेचा घेर मोजा, तो उंचीच्या निम्म्याच्या आत असेल तर ट्रेनरला नमस्कार करा आणि पुढे चला.

पण या आकड्याचा दुसरा अर्थ सहसा कोणी सांगत नाही. वजन भागिले उंचीचा वर्ग, आणि हाडाचा छेदही उंचीच्या वर्गानेच वाढतो, म्हणजे प्रमाण सारखं धरलं तर बीएमआय हा हाडांवर आणि सांध्यांवर बसणाऱ्या ताणाचाच आकडा झाला की! चरबी किती हे त्याला नीट सांगता येत नाही, पण गुडघ्यावर काय बसतंय ते बऱ्यापैकी सांगतो. चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंग बघा : 229 सेंटिमीटर, 141 किलो, बीएमआय 26.9. वॅडलोचा शेवटचा आकडा काढा, तोही 26.9. आणि याओला कसला आजार नव्हता, आईबाप दोघंही उंच बास्केटबॉलपटू. त्याच्या अंगात चरबीचा प्रश्नच नव्हता, पण पाय मात्र गेले : 2008 मध्ये डाव्या पावलातलं नॅव्हिक्युलर हाड मोडलं, ऑपरेशन झालं, परत चीर पडली, मग घोट्यात चीर, आणि 2011 मध्ये तिशीतच निवृत्ती. नॅव्हिक्युलर हे पावलाच्या कमानीच्या माथ्यावरचं छोटंसं हाड, उडी मारून खाली आलं की कमान दबते आणि हे मधोमध चिमटलं जातं, शिवाय त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे बारीक चीर भरायच्या आत पुढची पडते. एका उडीने काही होत नाही, हजारो उड्यांनी होतं.

तर तुम्ही वजन कमी करा असं मी म्हणत नाही, पण ट्रेडमिलवर तासभर धावणं आणि बॉक्स जंप यातली उडी जरा आवरती घ्या, आणि पावलाच्या वरच्या बाजूला नेमक्या एका बोटाएवढ्या जागेवर दाबलं की दुखत असेल तर ते मुरगळणं समजू नका. साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो.

प्रश्न : हत्ती पाच टनाचा असून आरामात फिरतो. मग माणूस 12 फुटी व्हायला काय हरकत आहे? (निवृत्त शिक्षक, अमरावती)

सर, हत्तीचे पाय जाड असतात हे अर्धंच उत्तर आहे. प्राण्यांच्या हाडांवर धावताना-उड्या मारताना येणारा जास्तीत जास्त ताण मोजला तर उंदरापासून हत्तीपर्यंत तो बराचसा सारखाच निघतो, मोडायच्या मर्यादेच्या निम्मा किंवा त्याहून कमी. म्हणजे सगळ्यांनाच दोन ते चारपट राखीव ताकद आहे. आकार इतका वाढून हे कसं जमतं? मुख्य युक्ती उभं राहण्याच्या ढबीत आहे. उंदीर, मांजर पाय दुमडून असतात, त्यामुळे स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं आणि हाड वाकतं. प्राणी जसा मोठा होतो तसे पाय सरळ होत जातात, भार हाडाच्या अक्षातून खाली उतरतो, वाकणं कमी होतं. घोड्याचे पाय सरळ, हत्तीचे तर खांबच. आणि हत्ती चारही पाय हवेत उचलून कधी पळत नाही, उडी तर मारतच नाही. धोक्याची कामं त्याने सोडूनच दिली आहेत.

आता माणूस बघा. आपण आधीच ताठ, गुडघा सरळ करून उभे असतो. हत्तीने जी युक्ती वापरून आकार वाढवला ती आपण पाच-सहा फुटांतच खर्च करून बसलोय, आता आणखी सरळ कुठून होणार. त्यात पाय दोनच, तेही चालताना आलटून पालटून एकच.

आणि पडणं विसरू नका. हत्तीचं पोट जमिनीपासून फार लांब नसतं, माणूस म्हणजे आख्खी उंचीच कोसळते. 172 सेंटिमीटरचा माणूस ताठ खाली पडला तर डोकं सेकंदाला साधारण 7 मीटर वेगाने आपटतं. वॅडलोच्या उंचीला 9 मीटर. आपटायची एकूण ऊर्जा तर साडेचारपट होते, कारण वजनही वाढलं आणि कोसळायची उंचीही वाढली. 12 फुटी माणसाला नुसता बाथरूममध्ये पाय घसरणं हा मोठा अपघात ठरेल.

प्रश्न : मग शेवटची मर्यादा किती? एक आकडा सांगा ना. (एक वाचक, डोंबिवली)

एकच आकडा सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा, कारण इथे कडेलोट नाही, उतार आहे. तरी हिशोब करून दाखवतो.

आपल्याच प्रमाणातला, बरोब्बर दुप्पट माणूस घ्या, 344 सेंटिमीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट. वजन 560 किलो. हाडांवर ताण दुप्पट. राखीव ताकद दोन ते चारपट होती ती आता एक ते दोनपट उरली. म्हणजे तो उभा राहील, सावकाश चालेल, पण एकदा अडखळला की खुब्यावर आपल्या मानाने 14-16 पटीचा झटका, आणि तिथे हाड बहुधा मोडेल. हृदयापासून मेंदू साधारण 70 सेंटिमीटर वर, तिथवर रक्त चढवायलाच 55 मिलिमीटर पारा जादा लागणार, आपल्यात ते 27-28 मध्ये भागतं. जिराफ हे करतो, पण त्याचा रक्तदाब आपल्या दुप्पट असतो, हृदयाची भिंत जाड असते आणि पायांची कातडी इतकी आवळ असते की रक्त खाली साठतच नाही. आपल्याकडे यातलं काहीच नाही. माणसाला तेवढा रक्तदाब कायम ठेवला तर किडनी आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आधी जातील.

वजन उंचीच्या घनाने न वाढू देता, म्हणजे अंग बारीक ठेवून, हाडांचा प्रश्न थोडा लांबवता येतो, वॅडलोच्या शरीराने तेच केलं. पण बारीक पायात स्नायू कुठे मावणार, आणि रक्ताच्या स्तंभाला, मज्जातंतूच्या लांबीला बारीकपणाने काही फरक पडत नाही, ते निव्वळ उंचीवर चालतात. म्हणून मला विचाराल तर हाडं साडेतीन मीटरच्या आसपास हात टेकतील, पण बाकी शरीर त्याच्या फार आधी, अडीच-पावणेतीन मीटरलाच, कुबड्या मागायला लागतं. तुर्कस्तानचा सुलतान कोसेन 251 सेंटिमीटर आहे, 2010 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला पिट्युटरीच्या गाठीवर उपचार झाले, वाढ थांबली, तो हयात आहे, आणि कुबड्या घेऊनच चालतो.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा, आत्ताच 6 फूट 1 इंच झालाय. मी 5 फूट 4, हे 5 फूट 10. हे सगळं वाचून आता भीतीच वाटायला लागली. (एक आई, नाशिक)

ताई, आधी आकडेमोड करू. तुमची उंची साधारण 163, साहेबांची 178. मुलासाठी दोघांची बेरीज, त्यात 13 मिळवायचे आणि दोनने भागायचं, म्हणजे 177. याच्या दोन्हीकडे आठ-नऊ सेंटिमीटर नॉर्मल धरतात. तो आत्ताच 185 आहे, म्हणजे वरच्या टोकाला पोचलाय आणि अजून वाढायचा असेल. घाबरायचं कारण नाही, पण नुसतं कौतुक करून सोडायचंही नाही.

शाळेचे जुने हेल्थ कार्ड शोधा आणि दरवर्षीची उंची एका कागदावर मांडा. जो मुलगा पहिलीपासूनच वर्गात मागच्या बाकावर आहे आणि एका रेषेत वाढत आलाय त्याची काळजी नसते. एखाद्या वर्षात दहा-अकरा सेंटिमीटर वाढला आणि त्याच सुमारास आवाज फुटला, मिसरूड आली, तर तोही वयात येण्याचा नेहमीचा झपाटा. शंका कधी घ्यायची, तर सात-आठ वर्षांपासूनच रेषा सोडून वर चढत गेला असेल, किंवा हा झपाटा ओसरायच्या वयात ओसरतच नसेल. सोबत बुटाचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतोय, पंजे जाड होताहेत, जबडा पुढे येतोय, दातांत फटी पडताहेत, खूप घाम, सारखं डोकं दुखणं, आणि विशेषतः चालताना बाजूच्या वस्तूंना धडकणं. हे शेवटचं धांदरटपणा म्हणून सोडून देतात, पण पिट्युटरीच्या अगदी वरून डोळ्यांच्या नसा जातात आणि गाठ त्यांना दाबायला लागली की आधी बाजूचं दिसणं कमी होतं.

यातलं काही असो वा नसो, एकदा हार्मोनवाल्या डॉक्टरांकडे, म्हणजे मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतील, हाडांच्या टोकांशी जिथून हाड लांब होतं त्या वाढीच्या पट्ट्या अजून उघड्या आहेत की मिटत आल्यात ते त्यात कळतं. रक्तात आयजीएफ-1 बघतील, ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारं ते दुसरं हार्मोन. नुसतं ग्रोथ हार्मोन कुठे तपासून आला असाल तर त्यावरून काही ठरवू नका, ते दिवसभरात सारखं वरखाली होतं. आयजीएफ-1 जास्त आलं तर ग्लुकोजचं पाणी पाजून दोनेक तास ग्रोथ हार्मोन मोजतात. साखर वाढली की ते खाली यायला हवं, गाठ असेल तर येत नाही. पण या वयात निरोगी मुलांमध्ये सुद्धा ते कधीकधी पुरतं उतरत नाही, म्हणून एका रिपोर्टवर रडारड नको, डॉक्टर सगळं एकत्र बघूनच एमआरआय सांगतील. आणि गाठ निघालीच तरी बहुतेक वेळा ती नाकातून काढता येते, डोकं उघडावं लागत नाही, फक्त ते वाढीच्या पट्ट्या मिटायच्या आत व्हायला हवं, कारण झालेली उंची नंतर कमी होत नाही. तेव्हा परीक्षा संपायची वाट बघू नका, याच महिन्यात जा.